नऊ सेकंदांचे बहिरेपण

ओळख करून दिली गेल्यानंतर समोरच्या व्यक्तीचे नाव जितक्या तत्परतेने नाहीसे होते, तितक्या तत्परतेने मानवी व्यवहारातील दुसरी कोणतीही वस्तू नाहीशी होत नसावी. उसने नेलेले पुस्तकसुद्धा गडप व्हायला निदान काही महिने घेते. नमस्कारासाठी जोडलेले हात अजून सुटलेले नसतात, चेहऱ्यावरचे स्मित अजून मावळलेले नसते, आणि तेवढ्यात नाव मात्र निघून गेलेले असते. या घटनेचे खापर परंपरेने स्मरणशक्तीच्या माथी फोडले जाते, आणि त्यावरचे उपायही त्याच निदानाला धरून सुचवले जातात: रात्री भिजवलेले बदाम, शंखपुष्पी, सकाळचे फिरणे आणि मोबाइलचा कमी वापर. या उपायांनी प्रकृती सुधारत असेल. परंतु नावाच्या बाबतीत त्यांचा उपयोग होत नाही, कारण निदानच चुकलेले असते. विसरण्यासाठी ती गोष्ट आधी माहीत असावी लागते, ही साधी अट येथे बहुधा पूर्ण झालेलीच नसते.

मानसशास्त्रज्ञ स्मरणाचे तीन टप्पे मानतात. जे ऐकले वा पाहिले ते मनात नोंदवून घेणे हा पहिला टप्पा असून त्याला संकेतन म्हणतात. नोंदलेले टिकवून धरणे म्हणजे साठवण. आणि हवे तेव्हा ते बाहेर काढणे म्हणजे पुनःप्राप्ती. सरकारी कार्यालयात अर्ज दिलेल्या कोणालाही हे तीन टप्पे समजावून सांगण्याची गरज नाही, आणि अर्ज सापडत नाही असे उत्तर मिळाल्यावर तो दप्तरात हरवला की आवकच झाला नाही, या दोहोंतील फरकही त्याला चांगला ठाऊक असतो. नव्या ओळखीतील नावाच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याची एक घरगुती कसोटीही उपलब्ध आहे.

जुन्या परिचिताचे नाव आठवत नाही तेव्हा माणूस "अगदी ओठांवर आहे" असे म्हणतो, आणि ते खरेही असते. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की शब्द ओठांवर येऊन अडलेला असताना माणसाला त्याचे आद्याक्षर किंवा त्यातील अक्षरांची संख्या पुष्कळदा बरोबर सांगता येते. शाळेतल्या सोबत्याचे नाव आठवताना "म वरून आहे, तीन अक्षरी आहे, मनोज नव्हे, मुकुंद नव्हे" अशी जी शोधमोहीम चालते, ती चालू शकते याचाच अर्थ नोंद आत कोठेतरी शाबूत आहे. आता हीच कसोटी पाच मिनिटांपूर्वी ओळख झालेल्या गृहस्थांना लावून पाहावी. तेथे आद्याक्षर नसते, अक्षरसंख्या नसते, "मनोज नव्हे" असे म्हणण्याइतकाही आधार नसतो. कोणी तिसऱ्याने ते नाव उच्चारले तर "हां, बरोबर" असे न वाटता ते प्रथमच ऐकल्यासारखे वाटते. दप्तरात शोधाशोध करण्यात अर्थ नाही, कारण अर्ज आवक झालेलाच नाही.

तो आवक का झाला नाही, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर माल्कम ब्रेनर या संशोधकाने 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून मिळते. प्रयोगाची मांडणी अतिशय साधी होती. मंडळी टेबलाभोवती बसलेली होती, प्रत्येकाने आपली पाळी आली की पत्त्यावर लिहिलेला शब्द मोठ्याने वाचायचा होता, आणि शेवटी सर्वांनी ऐकलेले शब्द आठवून सांगायचे होते. स्वतः वाचलेला शब्द लोकांना उत्तम आठवला, यात नवल नाही. नवल याचे, की स्वतःची पाळी येण्यापूर्वीच्या सुमारे नऊ सेकंदांत इतरांनी वाचलेले शब्द फारच कमी आठवले. शब्द अवघड नव्हते, वाचणारे पुटपुटत नव्हते, ऐकणाऱ्यांच्या कानांत दोष नव्हता. ज्याची पाळी जवळ आली तो तेवढ्यापुरता बहिरा झाला, इतकेच. या घटनेला 'पुढील-पाळी परिणाम' असे म्हणता येईल. आपला शब्द पत्त्यावर लिहिलेला आहे, तो समोर धरून केवळ वाचायचा आहे, हे माहीत असूनही माणूस एवढा गुंतून पडतो, ही गोष्ट मनुष्यस्वभावाविषयी बरेच काही सांगून जाते. पत्ता नसताना, उत्स्फूर्तपणे स्वतःविषयी दोन शब्द बोलायचे असताना काय होत असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

ज्यांना कल्पनेवर विसंबायचे नसेल त्यांच्यासाठी या प्रयोगाची पुनरावृत्ती महाराष्ट्रातील कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात दर आठवड्याला घडत असते. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात, चहा झालेला असतो, आणि संयोजक "सुरुवातीला आपण एकमेकांची ओळख करून घेऊ या" असे जाहीर करतात. समजा, वर्तुळात चौदा जण आहेत आणि नाव, हुद्दा व गाव सांगायला प्रत्येकाला पाच सेकंद लागतात. आठव्या खुर्चीवरील गृहस्थांचा विचार करावा. त्यांच्या आधी बोलणारा सातवा माणूस त्या नऊ सेकंदांच्या पूर्ण आत सापडतो, म्हणजे त्याचे नाव, हुद्दा आणि गाव या तिन्ही गोष्टी वाहून जातात. सहावा माणूस दहा सेकंद आधी बोलायला सुरुवात करतो, त्यामुळे त्याचे नाव अगदी काठावर उभे असते. ते कदाचित वाचेल, पण त्याचा हुद्दा आणि गाव आत ओढले जातात. पाळी उरकली, की लगेच कान मोकळे होतात असेही नाही. आपण 'साहाय्यक' म्हणालो की 'सहायक', आवाज जरा पडला का, "धन्यवाद" म्हणायचे राहिले का, आणि पलीकडच्या बाई नेमक्या त्याच वेळी का हसल्या, या प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत नववा माणूस आपले निवेदन संपवून खाली बसलेला असतो.

या हिशेबातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. वर्तुळातील प्रत्येकाला ज्यांची नावे ऐकूच आलेली नसतात, ती माणसे दूरची नसतात. ती त्याच्या उजव्या व डाव्या हाताला बसलेली असतात. समोरच्या बाजूच्या बाईंचे नाव, त्यांचा तालुका आणि त्यांना वाचनाची आवड असल्याचे त्याला व्यवस्थित कळलेले असते. पण जेवणाची सुट्टी झाल्यावर ताटे घेऊन त्याच्यासोबत रांगेत उभे राहतात ते शेजारीच, आणि पुढचे दोन दिवस त्यांना "अहो" या एकाच नावाने हाक मारावी लागते. पहिल्या खुर्चीवरील माणूस या संकटातून सुटला असे वरकरणी वाटते, कारण त्याच्या आधी कोणी बोललेलेच नसते. वास्तविक त्याच्या आधी संयोजकांनी स्वतःची ओळख करून दिलेली असते, आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची आहे हे शेवटच्या दिवशी वाचेपर्यंत त्या बिचाऱ्याला त्यांचे नाव कळत नाही.

वर्तुळात निदान दूरचे लोक तरी वाचतात. दोघांच्या ओळखीत मात्र तेवढाही आडोसा नसतो. "हे आमचे गजाननराव" एवढे शब्द संपताच दुसऱ्या पक्षाची पाळी येते, म्हणजे नाव नेमके त्या बहिऱ्या सेकंदांच्या मध्यावर उच्चारले जाते. ते दहा सेकंद आधी सांगितले असते किंवा दहा सेकंद उशिरा सांगितले असते, तर राहिले असते. परंतु शिष्टाचाराने नाव उच्चारण्यासाठी नेमका तोच क्षण मुक्रर केलेला आहे, ज्या क्षणी ते कोणीही ऐकत नाही. नावे विसरली जावीत असाच जर एखाद्या समितीचा हेतू असता, तर तिला याहून चांगली पद्धत सुचली असती असे वाटत नाही.

त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मनात काय चाललेले असते, हे पाहिले तर त्याला दोष देणे कठीण होते. स्वतःचे नाव विसरण्याचा धोका कोणालाही नसतो. तरीही मराठी माणसाला त्या अर्ध्या क्षणात अनेक बारीक निर्णय घ्यायचे असतात. समोरच्या व्यक्तीशी हस्तांदोलन करावे, हात जोडावेत की वाकून नमस्कार करावा, हे वयाचा अंदाज घेऊन ठरवायचे असते, आणि अंदाज चुकल्यास दोन्ही पक्षांची अडचण होते. "काका" म्हणावे की "दादा", हा प्रश्न समोर डाय केलेले केस असल्यास अधिकच बिकट होतो. केवळ नाव सांगावे, नाव व आडनाव सांगावे, की लग्नघर असल्यामुळे "मी मुलीच्या मामांचा मेहुणा" असे नाते आधी सांगावे, याचाही विचार करावा लागतो. डाव्या हातात कोल्ड्रिंकचा ग्लास आणि उजव्या हातात अक्षता असतील, तर हात जोडण्याचा प्रश्न यांत्रिकीच्या शाखेत जातो. एवढ्या कारभारात एखादे नाव कानावरून गेले, तर ते गेले यापेक्षा आणखी एक-दोन नावे अधूनमधून राहतात याचेच आश्चर्य करावे.

हा सारा प्रकार भीतीमुळे किंवा लाजाळूपणामुळे ऐकलेले ऐन वेळी न आठवल्याने होत असावा, असा तर्क सहज सुचतो. परंतु चार्ल्स बाँड यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले, की पाळीच्या आधी बोलल्या जाणाऱ्या शब्दांकडे विशेष लक्ष द्या, अशी सूचना लोकांना अगोदर दिली तर हा परिणाम नाहीसा होतो. बिघाड पुनःप्राप्तीतील असता, म्हणजे शब्द आत असून बाहेर येत नसते, तर आगाऊ सूचनेने तो असा दूर झाला नसता. ज्या अर्थी झाला, त्या अर्थी खोट संकेतनातच होती. म्हणजे कान उघडे होते, दारही उघडे होते, फक्त घरचा माणूस आरशासमोर उभा होता.

आरशाचा उल्लेख अगदीच अन्यायाचा नाही, याचा पुरावा नेव्हिल मोरे यांच्या 1959 मधील प्रयोगात सापडतो. त्या प्रयोगात लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळे मजकूर ऐकवले जात होते आणि त्यांनी एका कानातील मजकूर शब्दशः म्हणत जायचे होते. दुर्लक्षित कानात काय चालले होते याची त्यांना जवळजवळ काहीच दाद नव्हती; मात्र तेथे स्वतःचे नाव उच्चारले गेले, की सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आले. मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाला, सनई, ध्वनिक्षेपक आणि पंगतीतील आग्रह यांच्या गदारोळात कोणी आपले नाव घेतले तर मान वळते, आणि दोन फुटांवरून स्पष्ट उच्चारात सांगितलेले दुसऱ्याचे नाव कानाला लागत नाही, हे निरीक्षण या दोन प्रयोगांनी मिळून शास्त्रशुद्ध ठरवले आहे. उरलेले दोन तृतीयांश लोक विनयशील होते असे मात्र समजू नये; ते दुसऱ्या कानातील कामात गुंतलेले होते.

क्वचित एखादे नाव हा नऊ सेकंदांचा पहारा चुकवून आत शिरते. पण तेही सुरक्षित नसते. लॉइड आणि मार्गारेट पीटरसन या दांपत्याने 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना केवळ तीन व्यंजने सांगितली आणि लगेच एका मोठ्या संख्येपासून तीन-तीन वजा करत उलटे मोजायला लावले, जेणेकरून त्यांना ती व्यंजने मनात घोळवता येऊ नयेत. अठरा सेकंदांनंतर विचारले असता जेमतेम दहांपैकी एकदाच ती बरोबर सांगता आली. मनात घोळवली नाही तर तीन अक्षरांची मजल येथपर्यंतच आहे, आणि 'गजानन' ही चार अक्षरे आहेत.

उलटे मोजण्याचे काम महाराष्ट्रात "मूळचे कुठले?" हा प्रश्न करतो. नाव सांगून होताच तो विचारला जातो, आणि त्याचे उत्तर एका शब्दात मिळत नाही. मूळचे सांगोल्याचे, पण वडिलांची नोकरी मिरजेला, शिक्षण सांगलीत, सध्या वास्तव्य पिंपरीला, गावाकडे थोडी डाळिंबाची बाग आहे, ती धाकटे बंधू पाहतात, असा सर्व वृत्तान्त सांगितला जातो. त्यात ऐकणाऱ्याचे एखादे मावसभाऊ मिरजेला असल्याचे निघते, मग त्या मावसभावांचा शोध दोघे मिळून घेतात, आणि अठरा सेकंद केव्हाच उलटून जातात. येथे एक गंमत अशी होते, की हा वृत्तान्त लक्षात राहतो. घरी परतल्यावर "कोण कोण भेटलं?" असे विचारले असता उत्तर मिळते, "ते सांगोल्याचे डाळिंबवाले होते, फार सज्जन माणूस." गाव, पीक आणि स्वभाव या तिन्ही बाबी शाबूत असतात, आणि ज्याच्याभोवती त्या गोळा व्हायच्या ते नावच तेवढे जागेवर नसते.

एवढ्या सगळ्या माहितीतून नाव नेमके का गळावे, या प्रश्नाचे एक अंग तत्त्वज्ञांनी आधीच पाहून ठेवले होते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की विशेषनाम एखाद्या व्यक्तीकडे केवळ बोट दाखवते, तिच्या गुणांविषयी काहीही सांगत नाही. 'शिक्षक' म्हटले की खडू, फळा, तपासायच्या वह्या आणि निवडणुकीची ड्यूटी अशा कितीतरी गोष्टी मनात गोळा होतात आणि त्यांच्या आधाराने तो शब्द उभा राहतो. 'संजय' म्हटल्याने मात्र त्या माणसाविषयी काहीही कळत नाही, आणि ज्या पिढीत प्रत्येक वर्गात तीन संजय होते, त्या पिढीत तर बोट नेमके कोणाकडे दाखवले जात आहे, हेही कळत नाही.

मिल यांचे म्हणणे तर्काने पटत असले तरी त्याची परीक्षा प्रयोगाने झाली ती 1987 मध्ये. मॅक्वीनी आणि त्यांचे सहकारी यांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचे आडनाव आणि व्यवसाय शिकवला. इंग्रजीत पाववाल्यासाठी जो शब्द आहे तोच आडनाव म्हणूनही चालतो, या सोयीचा त्यांनी फायदा घेतला. तोच शब्द, तेच उच्चार, तीच अक्षरे. फक्त एकदा तो धंदा म्हणून सांगितला आणि एकदा आडनाव म्हणून. धंदा म्हणून सांगितलेला शब्द लोकांना आठवला, आणि आडनाव म्हणून सांगितलेला तोच शब्द आठवणे कितीतरी अवघड गेले. म्हणजे दोष शब्दाच्या ध्वनीत नव्हता. तो नाव असण्यातच होता. हा प्रयोग मराठीत करायचा झाल्यास साहित्याची मुळीच वाण नाही. समोरचे गृहस्थ सुतारकाम करतात असे सांगितले, तर ते कायमचे लक्षात राहतात, कारण घरातली कपाटाची बिजागरी कित्येक दिवसांपासून निखळलेली असते. तेच गृहस्थ बँकेत अधिकारी असून त्यांचे आडनाव सुतार आहे असे सांगितले, तर पंधरा मिनिटांनी त्यांना कोणी "लोहार साहेब" म्हणते, कोणी "कुंभार साहेब" म्हणते, आणि त्यांना स्वतःला याची इतकी सवय झालेली असते, की ते दोन्ही हाकांना ओ देतात. येथे धंद्याचा आडनावाला उपयोग होण्याऐवजी अडथळाच होतो, कारण बारा बलुतेदारांपैकी कोणीतरी एक एवढीच नोंद आत पोचलेली असते. गिलियन कोहेन यांनी 1990 मध्ये याची दुसरी बाजू दाखवली: धंद्याच्या जागी अर्थहीन शब्द सांगितला, तर तोही नावाइतकाच दुर्बल ठरतो. जे कशाला चिकटत नाही ते टिकत नाही. एरवी धंद्याला अर्थ असतो, म्हणून तो टिकतो.

या सिद्धान्ताचा भक्कम पुरावा मराठी माणसाच्या खिशातच असतो. मोबाइलमधील नावांची यादी चाळली असता तेथे 'विजय गॅस', 'अनिता क्लास', 'राजू प्लंबर जुना', 'राजू प्लंबर नवीन', 'लग्न डेकोरेशन शिरूर' आणि 'स्वातीचे सासरे पेन्शन' अशा नोंदी आढळतात. यात व्यक्तिनाम असलेच तर ते धंद्याला टेकून उभे असते, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची अजिबात गरज पडलेली नसते. संशोधकांना जे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागली, ते लोकांनी कोणाचीही मदत न घेता आपापल्या यादीत अमलात आणले आहे.

नाव हे माहितीच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे असते, याची आणखी एक साक्ष काढता येते. ब्रिटनमधील यंग, हे आणि एलिस यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी 22 जणांनी काही आठवडे रोजनिशी ठेवली आणि माणसे ओळखताना झालेल्या प्रत्येक घोटाळ्याची तीत नोंद केली. अशा हजारभर घोटाळ्यांत 'माणूस कोण ते ठाऊक आहे, पण नाव आठवत नाही' हा प्रकार भरपूर होता. 'चेहरा पाहून नाव आठवले, पण माणूस कोण ते मुळीच आठवले नाही' असा प्रकार मात्र एकदाही घडला नाही. आधी चेहरा, मग माहिती आणि मग नाव, हा क्रम मनाला ओलांडता येत नाही असे त्यावरून मानले जाते. या रोजनिशीकडे शेवटी पुन्हा वळावे लागणार आहे.

नाव सांगण्याची एक पद्धत मराठी समाजाला पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि तीत वरील सर्व दोष टाळलेले आहेत, ती म्हणजे बारसे. तेथे सर्व निमंत्रितांना मिळून एकच नाव ऐकायचे असते. ज्याचे नाव ठेवले जाते तो पाळण्यात असल्याने उलट कोणाला स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही, म्हणजे कोणाचीही पुढची पाळी नसते. नाव आधी आत्या बाळाच्या कानात सांगते, मग मोठ्याने सांगते, त्या वेळी जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि पुढे पाळणा म्हणताना ते गाण्यातून फिरून फिरून येते. लक्ष, पुनरावृत्ती आणि एका व्यक्तीला झालेली शारीरिक इजा, असे स्मरणाला पोषक असे सर्व काही येथे एकत्र आलेले आहे. प्रौढांच्या ओळखीसाठी ही पद्धत वापरण्यात पाठीचा प्रश्न येतो.

मग निभावायचे कसे, या बाबतीत मराठी भाषेने आपल्या लेकरांना वाऱ्यावर सोडलेले नाही. काका, मावशी, दादा, ताई, वहिनी, साहेब, सर, मॅडम, आणि सर्वांना पुरून उरणारे 'अहो', एवढ्या साहित्यावर माणूस एका सोसायटीत वीस वर्षे नावाविना राहू शकतो, आणि राहतोही. अडचण येते ती तिसरा माणूस आल्यावर, कारण तेव्हा दोघांची ओळख करून द्यावी लागते. अनुभवी लोक अशा वेळी "तुम्ही एकमेकांना ओळखताच" असे ठामपणे सांगून चहाची व्यवस्था पाहायला निघून जातात, आणि परत येताना कान देऊन दोघे एकमेकांना काय नाव सांगतात ते ऐकतात. या क्षणी त्यांची स्वतःची पाळी नसल्याने ते नाव त्यांना ऐकूही येते. दुसरी प्रचलित युक्ती म्हणजे सरळ नाव विचारावे, समोरच्याने दुखावून "अहो, मी गजानन" असे म्हटले की "ते हो माहीत आहे, आडनाव विचारत होतो" असे म्हणून सुटून जावे. समोरच्याने पहिल्याच फटक्यात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव सांगून टाकले तर या युक्तीत पळवाट उरत नाही, आणि शासकीय सेवेत आयुष्य गेलेले लोक हमखास पूर्ण नावच सांगतात.

विचारण्याला एक अलिखित मुदतही असते. पहिल्या मिनिटात "माफ करा, नाव नीट ऐकू आलं नाही" असे म्हटले, तर ते सौजन्य ठरते, आणि शास्त्रदृष्ट्या ते अक्षरशः सत्यही असते. दुसऱ्या भेटीत तेच विचारणे थोडे धाडसाचे असते. तिसऱ्या भेटीनंतर ती वेळ निघून गेलेली असते, आणि मग त्या माणसाच्या घरी सत्यनारायणाचे तीर्थ घेऊन झाले तरी दारावरची पाटी वाचण्याखेरीज मार्ग उरत नाही. पाटीवर बहुधा 'मातृछाया' असे लिहिलेले असते.

मुदतीच्या आत काय करावे, याविषयी टॉमस लँडॉअर आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी 1978 मध्ये नावांवरच प्रयोग करून एक उपाय दाखवला आहे. नाव नुसते पुन्हा ऐकण्यापेक्षा ते स्वतः आठवून पाहणे अधिक उपयुक्त ठरते, आणि आठवण्याच्या दोन खेपांमधले अंतर क्रमाने वाढवत नेले, तर आणखी चांगले. ऐकल्याबरोबर एकदा, मग काही सेकंदांनी, मग अर्ध्या मिनिटाने, मग दोन-तीन मिनिटांनी, असा हा क्रम ठेवता येतो. पहिली खेप लवकर घ्यायची, कारण उशीर केला तर आठवायला काही शिल्लक नसते, आणि पुढच्या खेपा लांबवायच्या, कारण सहज जमणाऱ्या आठवणीने फारसे काही पक्के होत नाही. पहिली खेप उघडपणे घेता येते: "नमस्कार, गजाननराव" असे म्हटले, की समोरच्याला आदर वाटतो आणि काम होऊन जाते.

पुढच्या खेपा मनातल्या मनात घ्याव्या लागतात, आणि तेथे या उपायाची मर्यादा कळते. पीटरसन दांपत्याच्या प्रयोगातील माणूस ज्याप्रमाणे मोजत असताना घोकू शकत नव्हता, त्याचप्रमाणे घोकणारा माणूस ऐकू शकत नाही. समोरचे गृहस्थ सांगोला सांगत असतात, तेव्हा हा आतल्या आत "गजानन" म्हणत असतो. ते मिरजेला पोचतात तेव्हा याची तिसरी खेप चाललेली असते. बाग, बंधू आणि पिंपरी यांच्या वेळी हा योग्य ठिकाणी मान डोलावत, चौथ्या खेपेसाठी वेळ मोजत असतो. निरोप घेताना नंबर दिला-घेतला जातो आणि नाव विनासायास, पुन्हा न विचारता टंकले जाते. दोन महिन्यांनी त्याच नंबरावरून फोन येतो, पडद्यावर स्वच्छ अक्षरांत 'गजानन' असे उमटते, आणि फोन धरून उभा असलेला माणूस ब्रिटनमधील 22 जणांच्या हजारभर नोंदींत एकदाही न घडलेल्या अवस्थेला पोचतो: नाव पक्के ठाऊक आहे, आणि माणूस कोण याचा काहीही पत्ता नाही. पलीकडून "ओळखलंत का?" असा प्रश्न येतो, आणि तो न कचरता उत्तर देतो, "म्हणजे काय, गजाननराव! मूळचे कुठले म्हणालात आपण?"